चार माणसांना किती लिटरचा गीझर?

पुण्याच्या तपकीर गल्लीत नोव्हेंबर उजाडला की विजेच्या सामानाच्या दुकानांत गीझर पुढे येतात आणि पंखे मागे जातात. गिऱ्हाईक आत शिरलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "घरात माणसं किती?" दोन म्हटलं तर तीन लिटरचा इन्स्टंट, तीन म्हटलं तर पंधरा लिटर, चार म्हटलं तर पंचवीस. गिऱ्हाईक रंग आणि किंमत बघतं, पैसे मोजतं आणि खोकं रिक्षात टाकतं. जानेवारीत मात्र तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. पाणी कोमटच येतं, शॉवरला धार नाही किंवा तिसऱ्या माणसाच्या वाट्याला गारच पाणी.

यातल्या बहुतेक वेळा गीझर बिघडलेला नसतो. प्रश्न चुकीचा विचारला गेलेला असतो. माणसांची संख्या कामाची आहे, पण ती चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. त्याआधी कळायला हवं ते हे, की माणसं बादलीने आंघोळ करतात की शॉवरने, दोन आंघोळींत किती वेळ जातो, नळाला हिवाळ्यात किती गार पाणी येतं आणि बाथरूमच्या बोर्डापर्यंत आलेली वायर किती भार सोसते. एवढं कळलं की बाकीचा हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल.

हिशोबाला एकच आकडा पाठ लागतो, ८६०. एक युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. तेच युनिट ८६ लिटर पाणी दहा अंशांनी किंवा ४३ लिटर पाणी वीस अंशांनी तापवेल. लिटर आणि अंश यांचा गुणाकार ८६० झाला की युनिट संपलं. हा निसर्गाचा नियम आहे. महागडी कंपनी असो की स्वस्त, टाकी तांब्याची असो की काचेचा थर दिलेली, यात फरक पडत नाही. लिटर आणि अंशांच्या या गुणाकाराला आपण इथे सोयीसाठी 'लिटर-अंश' म्हणू.

आता बाजारात मिळणाऱ्या दोन जाती बघू. इन्स्टंट गीझर सहसा तीन किलोवॉटचा असतो. तीन किलोवॉट म्हणजे तासाला तीन युनिटं, म्हणजेच मिनिटाला ४३ लिटर-अंश. साठवणीचा गीझर, म्हणजे दहा, पंधरा किंवा पंचवीस लिटरची टाकी असलेला, बहुधा दोन किलोवॉटचा असतो. तो मिनिटाला २९ लिटर-अंश देतो. म्हणजे नावाने 'इन्स्टंट' असलेला गीझर दुसऱ्यापेक्षा जेमतेम दीडपट जोरकस आहे. 'इन्स्टंट' या शब्दावर भिस्त ठेवून जे लोक भरघोस शॉवरची स्वप्नं बघतात, त्यांचा घात इथेच होतो.

मुळात आपल्याकडचा तीन लिटरचा इन्स्टंट गीझर ही एक छोटी टाकीच असते. तिच्यात तीन लिटर पाणी, त्यात तीन किलोवॉटची कॉइल आणि एक थर्मोस्टॅट. बटण दाबल्यावर तीनेक मिनिटांत आतलं पाणी कढत होतं. नळ उघडला की आधी ते तीन लिटर बाहेर पडतं, हाताला चटका बसतो आणि माणूस खूश होऊन विसणाचा नळ सोडतो. मिनिटभरात चटका ओसरतो. आता टाकीत जेवढं गार पाणी शिरतंय, तेवढंच कॉइलने जाता जाता तापवून बाहेर सोडायचं आहे आणि तिची ताकद मिनिटाला ४३ लिटर-अंश एवढीच. नळ मोठा सोडला तर जास्त पाणी थोडं तापेल, बारीक केला तर थोडं पाणी जास्त तापेल. तिसरा पर्याय नाही.

या सगळ्याचा अर्थ घरात काय होतो, ते एका उदाहरणाने पाहू. सिंहगड रस्त्याकडच्या एखाद्या इमारतीतला वन बीएचके फ्लॅट घ्या. आजी, आई, बाबा आणि अकरावीतली मुलगी. सकाळी साडेसहा ते आठ या दीड तासात चौघांच्या आंघोळी उरकायच्या. आजी, आई आणि बाबा बादलीवाले, मुलगी शॉवरवाली. जानेवारीतली पहाट, रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलेलं पाणी १८ अंशांना उतरलेलं आहे असं धरू. अंगावर घ्यायला ४० अंशांचं पाणी बरं वाटतं. म्हणजे पाणी २२ अंशांनी तापवायचं आहे.

घरातली बादली वीस लिटरची, पण ती कोणी काठोकाठ भरत नाही, तेव्हा १८ लिटर धरू. १८ गुणिले २२ म्हणजे साधारण ४०० लिटर-अंश. तीन किलोवॉटच्या इन्स्टंटला ही बादली भरायला सव्वानऊ मिनिटं लागतील. पहिली बादली जरा लवकर भरेल, कारण आधीचं तीन लिटर कढत पाणी मदतीला असतं. नऊ मिनिटं म्हणजे फार नव्हे. एकाची आंघोळ होईपर्यंत दुसऱ्याची बादली भरत ठेवता आली तर घर सुखाने चालतं. अडचण एवढीच, की या नऊ मिनिटांत नळाची धार मिनिटाला दोन लिटरच्या पुढे जाऊ द्यायची नाही. ती वाढवली की बादली लवकर भरते आणि पाणी गारढोण लागतं. मग घरात 'गीझर तापवत नाही' असा निकाल लागतो आणि वायरमनला फोन जातो. येणारा वायरमन अनुभवी असेल तर स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी नळ अर्धा बंद करून पाण्याखाली हात धरून बघतो.

शॉवरचं गणित याहून निष्ठुर आहे. बेताचा शॉवर मिनिटाला सहा लिटर पाणी सोडतो, मोठ्या ताटलीचा आठ-दहा लिटर. सहा लिटर, २२ अंश म्हणजे मिनिटाला १३२ लिटर-अंश. एवढी उष्णता धावत्या पाण्याला द्यायची तर सव्वानऊ किलोवॉटचा गीझर लागेल. त्याला ४० अँपिअर वीज हवी. लहान फ्लॅटच्या सिंगल फेज जोडणीवर हा विषय तिथेच संपतो. बाजारात साडेचार किलोवॉटचे इन्स्टंटही मिळतात, पण तेही या थंडीत मिनिटाला तीन लिटरच्या आसपास अडकतात. शॉवरखाली उभं राहून तीन लिटर म्हणजे झारीचं पाणी. तेव्हा पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात शॉवर घ्यायचा असेल तर विजेच्या इन्स्टंटचा विचार सोडावा, असं स्पष्टच सांगायला हवं. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्याने उन्हाळ्यात कोणाला गीझर विकलेला नसतो आणि हिवाळ्यात विचार करायला त्याला फुरसत नसते.

साठवणीच्या गीझरचं डोकं वेगळं चालतं. जोर कमी असला तरी तो आधीपासून कामाला लागतो. पंधरा लिटरची टाकी १८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॉटच्या कॉइलला २२ मिनिटं लागतात. सव्वासहाला बटण दाबलं की साडेसहाच्या सुमारास पाणी तयार. हे पाणी ६० अंशांचं, म्हणजे अंगावर घेता येणार नाही इतकं कढत. त्यात जवळपास तेवढंच विसण घातलं की ४० अंश होतात. कागदावर पंधरा लिटरचं असं साडेअठ्ठावीस लिटर आंघोळीचं पाणी बनतं.

कागदावर म्हणायचं कारण असं, की गरम पाणी वरून बाहेर पडताना खालून गार पाणी आत शिरतं आणि थोडंफार मिसळतं. हलकं गरम पाणी वर, जड गार पाणी खाली, असे थर राहतात म्हणूनच हा गीझर चालतो. पण शेवटचे दोन-तीन लिटर कोमटच निघतात. म्हणून टाकीतल्या उष्णतेपैकी ८५ टक्के हाती लागते असं धरावं. पंधरा लिटरच्या टाकीत ६३० लिटर-अंश साठतात, त्यांतले ५३५ कामाचे. पंचवीसच्या टाकीत कामाचे ८९० होतात. आडव्या गीझरमध्ये थरांना उंची कमी मिळते आणि मिसळ अधिक होते, त्यामुळे तेवढ्याच लिटरचा आडवा गीझर थोडं कमी पाणी देतो. पोटमाळ्याखाली जागा नाही म्हणून आडवा घ्यावा लागला तर एक पायरी मोठा घेणं बरं. उभा गीझर आडवा करून टांगणं हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे. त्याचे पाइप आणि थर्मोस्टॅट उभ्या टाकीसाठी बसवलेले असतात.

आता आपल्या चौघांकडे वळू. चौघेही बादलीवाले असते तर दीड तासात चार बादल्या, म्हणजे १६०० लिटर-अंश लागले असते. त्यातले ५३५ टाकीत आधीच तयार. उरलेले दोन किलोवॉटची कॉइल ३७ मिनिटांत देते. म्हणजे चार माणसांना पंधरा लिटर पुरतात. आणि तेही ऐसपैस, फक्त दोन आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर हवं. एका मोरीच्या घरात ते आपोआपच पडतं. दुकानदाराचे पंचवीस लिटर इथे उगाच गेले असते.

पण अकरावीतली मुलगी आहे. ती सहा मिनिटं शॉवर घेते असं म्हणू. (घरच्यांचं म्हणणं वेगळं असू शकतं.) मिनिटाला सहा लिटर, म्हणजे ३६ लिटर पाणी आणि ८०० लिटर-अंश. एक शॉवर म्हणजे दोन बादल्या, आणि त्याही लागोपाठ, मध्ये उसंत न देता. पूर्ण तापलेल्या पंधरा लिटरच्या टाकीतून ५३५ मिळतील, सहा मिनिटांत कॉइल आणखी पावणेदोनशे देईल, एकूण ७१० च्या आत-बाहेर. पाचव्या मिनिटानंतर पाणी कोमट व्हायला लागेल आणि मुलगी आतून ओरडेल. तिच्या आधी पाच मिनिटांपूर्वी बाबांनी बादली घेतलेली असेल तर ती तिसऱ्या मिनिटालाच ओरडेल. पंचवीस लिटरची टाकी मात्र सहा मिनिटांत हजाराच्या वर लिटर-अंश देते. ती निवांत पुरते.

म्हणजे दुकानदाराचं उत्तर बरोबर आलं म्हणायचं का? या घरापुरतं, हो, पण कारण वेगळं. चार माणसांमुळे नव्हे, एका शॉवरमुळे. आणि हाच हिशोब उलटा वाचला तर एक स्वस्त वाट दिसते. मिनिटाला पाच लिटर सोडणारी शॉवरची चकती लावली तर सहा मिनिटांचे ३० लिटर होतात आणि मागणी ६६० लिटर-अंशांवर येते. ७१० उपलब्ध, ६६० हवेत. पंधरा लिटरचा गीझर पुरला. अट एवढीच, की मुलीची पाळी सगळ्यांत आधी यावी किंवा तिच्या आधी वीस मिनिटं गीझर मोकळा मिळावा. चकतीची किंमत दोन गीझरांच्या किमतीतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असते. आपला शॉवर किती पाणी सोडतो हे कळायला काही उपकरण लागत नाही. बादली खाली ठेवायची, घड्याळ लावून एक मिनिट शॉवर सोडायचा आणि एक-एक लिटरच्या तांब्याने ते पाणी मोजायचं. याच वेळी घरातला ताप बघायचा नव्हे, पाणी-हवेचा साधा थर्मामीटर त्या पाण्यात धरला तर दुसराही आकडा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हे करावं, दिवाळीआधी दुपारी नव्हे.

हेच कुटुंब डोंबिवलीत किंवा रत्नागिरीत राहत असतं तर चित्र बदललं असतं. किनारपट्टीवर हिवाळ्यातही पाणी २५ अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही. मग तापवायचं आहे ते १५ अंशांनी. बादलीला २७० लिटर-अंश पुरतात. तीन किलोवॉटचा इन्स्टंट ती सव्वासहा मिनिटांत भरतो आणि नळाची धारही मिनिटाला जवळजवळ तीन लिटर राहते. मुंबईकडे बादलीने आंघोळ करणाऱ्या जोडप्याला तीन लिटरचा इन्स्टंट छान चालतो आणि पुण्याच्या मावशीकडे तोच नालायक ठरतो, त्याचं रहस्य एवढंच. म्हणून नात्यातल्यांचा सल्ला घेताना आधी ते राहतात कुठे ते बघावं.

आता बिल. इन्स्टंट वीज वाचवतो अशी एक सर्वमान्य समजूत आहे. ८६० चा नियम आठवला तर तिच्यातली हवा निघते. एक बादली २२ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाला जरा कमी वीज लागते, मग ती कशानेही तापवा. आपल्या चौघांना रोज सव्वादोन युनिटांच्या आसपास लागतील. युनिटला दहा रुपये धरले तर हिवाळ्यातल्या महिन्याला साडेसहाशे-सातशे रुपये. साठवणीच्या गीझरचा जास्तीचा खर्च दोन जागी असतो. एक म्हणजे टाकीच्या अंगातून सतत निसटणारी उष्णता, आणि दुसरी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर आत उरलेलं पाणी. शेवटची आंघोळ झाल्यावर गीझर चालूच राहिला तर तो पुन्हा पंधरा लिटर तापवून ठेवतो. ते जवळजवळ पाऊण युनिट दिवसभर कोणासाठी ते देवालाच ठाऊक. यावर उपाय सोपा आहे. शेवटचा माणूस मोरीत शिरला की बाहेरून बटण बंद करायचं. त्याला टाकीतलं पाणी पुरतं आणि मागे उरतं ते कोमट. एवढी शिस्त असलेल्या घरात दोन्ही जातींच्या बिलात सांगण्यासारखा फरक उरत नाही. चोवीस तास गीझर चालू ठेवणाऱ्या घरात मात्र तो नक्की दिसतो.

टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेचा आकडा दुकानातच वाचता येतो. साठवणीच्या गीझरवर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ताऱ्यांची पट्टी असते. २४ तासांत किती युनिटांची उष्णता वाया जाते, ते तिच्यावर छापलेलं असतं. तारे जास्त म्हणजे आवरण चांगलं, उष्णता जास्त वेळ टिकते. पाच तारे म्हणजे पाणी लवकर तापतं, हा अर्थ चुकीचा. पाणी किती वेळात तापेल ते किलोवॉट ठरवतात, तारे नव्हे.

सगळ्यांत कमी पाहिली जाणारी आणि खरं तर सगळ्यांत आधी पाहावी अशी गोष्ट भिंतीच्या आत असते. तीन किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर वीज ओढतो, दोन किलोवॉटचा नऊच्या जवळपास, साडेचारचा वीस. मोरीतला जाड पिनांचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो, म्हणजे तीन किलोवॉटपर्यंत चालतं. साडेचार किलोवॉटला प्लग-सॉकेट लावायचाच नाही. त्याला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी लागतो. जुन्या इमारतीत मोरीच्या बोर्डाला दिवा, पंखा आणि गीझर एकाच बारीक वायरवर दिलेले सापडतात. तिथे नवा तीन किलोवॉटचा इन्स्टंट टांगला तर पहिले काही दिवस काहीच होत नाही. मग सॉकेटची पांढरी पाटी पिनांच्या भोकांभोवती पिवळट पडायला लागते, गीझर बंद केल्यावर प्लग हाताला गरम लागतो आणि एखाद्या दिवशी जळकट वास येतो. यातलं एकही चिन्ह दिसलं तर गीझर वापरणं थांबवून आधी वायर बदलावी. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठ्या आकड्याचा बसवणारा वायरमन मिळतोच. त्याला दारातूनच परत पाठवावं, कारण एमसीबी पडतो तो वायर वाचवायलाच.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. तिथे दोन-तीन किलोवॉट लिहिलेलं असेल आणि सकाळी गीझर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन एकदम सुरू होत असतील, तर गीझर निवडताना तीनऐवजी दोन किलोवॉटच्या बाजूला झुकणं शहाणपणाचं. इथे साठवणीच्या गीझरची एक बाजू भक्कम आहे. कमी विजेवर तो जास्त वेळ काम करतो. विजेचा दाब उतरला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. २३० व्होल्टसाठी बनवलेला तीन किलोवॉटचा इन्स्टंट २०० व्होल्टवर सव्वादोन किलोवॉटचा होतो, कारण ताकद व्होल्टच्या वर्गाने घसरते. सव्वानऊ मिनिटांची बादली मग बारा मिनिटं घेते. टाकीचा गीझर अशा दिवशी पाच-सात मिनिटं आधी सुरू केला की झालं.

अर्थिंग आणि गळतीची वीज क्षणात तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे दोन्ही प्रकारांना अनिवार्य समजावं. ओल्या अंगाने हात लागतो तो धातूच्या नळाला. तिथे तडजोड नाही.

भिंतही बघावी लागते. पंचवीस लिटरचा गीझर पाण्याने भरला की पस्तीस किलोच्या घरात जातो, पंधराचा वीस-पंचवीस किलो भरतो. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा रॉलप्लग आणि स्क्रू धरत नाही, काही महिन्यांत छिद्र सैल होतं. अशा भिंतीला त्या ठोकळ्यांसाठीचेच अँकर लागतात किंवा सरळ आरसीसीच्या बीमला टांगावं लागतं. गीझर आणि भिंत यांच्यात वरच्या बाजूला बोटभर फट पडलेली दिसली तर खिळ्यावर भागवू नये.

पाण्याचा दाबही एकदा तपासावा. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे एक बार दाब. उंच इमारतीत वरच्या टाकीचं पाणी थेट खाली येत असेल तर खालच्या मजल्यांवर पाच-सहा बार सहज भरतात आणि प्रेशर पंप असेल तर आणखी वाढतात. गीझरच्या पाटीवर तो किती बार सोसतो ते लिहिलेलं असतं. बहुमजली घरासाठी आठ बारचा घ्यावा. गार पाण्याच्या बाजूला बसवायचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी कधी थेंब-थेंब गळतो. पाणी तापून फुगतं आणि ते जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. गळतंय म्हणून त्याचं तोंड एमसीलने बुजवणारे महाभाग आहेत. असं केल्यास टाकीच फुटण्याचा धोका असतो. उलट शेवटच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल तर दाब बारच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच मिळतो. तिथे शॉवर गीझरमुळे नव्हे, गच्चीमुळे बारीक असतो.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर भागणाऱ्या वाघोलीसारख्या भागांत कॉइलवर क्षार बसतात. पाणी जितकं कढत, तितके क्षार जास्त. थर्मोस्टॅट ७०-७५ वर न ठेवता ५५-६० वर ठेवला तर कॉइलचं आयुष्य वाढतं. तापताना टाकीतून कडकड, खळखळ असे आवाज यायला लागले आणि पूर्वी वीस मिनिटांत तापणारं पाणी अर्धा तास घ्यायला लागलं, तर क्षार बसले आहेत असं समजावं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. जड पाण्यात दर वर्षी तिची पाहणी करावी, झिजली असेल तर बदलावी. इन्स्टंटची छोटी टाकी क्षारांनी लवकर भरते आणि बहुतेक मॉडेलांत ती उघडून साफ करण्याची सोय नसते, हा आणखी एक मुद्दा त्याच्या विरुद्ध जातो.

गॅस गीझरचं काय, असा प्रश्न येणारच. मिनिटाला सहा लिटर शॉवर देण्याची ताकद त्याच्यात खरोखरच असते. विजेच्या भाषेत तो दहा किलोवॉटच्या पुढचा. पण तो हवेतला ऑक्सिजन जाळतो आणि बंद मोरीत कार्बन मोनॉक्साइड साठवतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेला माणूस बराच वेळ बाहेर आला नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. गॅस गीझर बसवायचाच तर मोरीच्या बाहेर, हवा खेळत्या ड्राय बाल्कनीत. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून आत बसवणं चालत नाही. लहान फ्लॅटमध्ये अशी बाहेरची जागा बहुधा नसते, तेव्हा हा पर्याय तिथेच बाद होतो.

स्वयंपाकघरात मात्र तीन लिटरचा इन्स्टंट शोभून दिसतो. भांडी घासायला पाणी थोडं-थोडं लागतं, धार बारीक चालते आणि सिंकखाली किंवा वर तो जवळच बसतो. मोरीतल्या टाकीपासून ओट्यापर्यंत दहा मीटर पाइप असेल तर दर वेळी नळातून आधी दीड लिटर गार पाणी वाहून जातं आणि तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून निवतं. ओट्यावरचा छोटा इन्स्टंट हे नुकसान टाळतो. त्याला मोरीच्या गीझरच्या सर्किटवर मात्र टाकू नये. दोन्ही एकदम चालले तर २२ अँपिअर होतात.

सिंहगड रस्त्याच्या त्या घरात शेवटी काय ठरेल? बाथरूमची मागची भिंत हलक्या ठोकळ्यांची असेल, बिलावर मंजूर भार तीन किलोवॉट असेल आणि मुलगी चकती बदलायला तयार असेल, तर दोन किलोवॉटचा पंधरा लिटरचा, आठ बारचा, उभा गीझर. थर्मोस्टॅट ६० वर, मुलीची आंघोळ आधी, सव्वासहाला बटण चालू आणि आठच्या सुमारास शेवटचा माणूस आत गेला की बंद. मुलगी चकती बदलायला तयार नसेल तर पंचवीस लिटर, आणि मग तो गीझर टांगायला बीम शोधावा लागेल.